कोरड्या फोटोत खरा वाटणारा पाऊस कसा पाडायचा? देवगाव फाट्याचा एक फोटो घेऊन करून बघूया

फोटोवर पाऊस पाडणारी ॲप्स प्ले स्टोअरवर ढिगाने आहेत. फोटो उघडायचा, 'रेन' दाबायचं, पांढऱ्या तिरक्या रेघा आल्या की झालं. पण असा फोटो ग्रुपवर टाकला की दहा सेकंदांत कोणीतरी लिहितं, "ॲप कोणतं रे?" रेघा तर बरोबर दिसत असतात, मग लोकांना कळतं कसं?

कारण पाऊस रेघांमध्ये नसतो. तो जमिनीवर असतो आणि उजेडात असतो. भर पावसात काढलेला खरा फोटो मोबाईलमध्ये उघडून नीट बघा. बऱ्याचदा त्यात एकही थेंब दिसत नाही, तरी पाऊस चालू आहे हे लगेच समजतं. सावल्या नाहीत, रस्ता काळा पडलाय, त्यात आभाळ चमकतंय, लांबची झाडं फिकट झालीत, एवढ्यावरून. म्हणून आज आपण उलट्या क्रमाने जाणार आहोत. आधी उजेड, मग जमीन, मग लांबचा पडदा आणि अगदी शेवटी थेंब.

उदाहरणासाठी जागा घेऊ देवगाव फाटा. सेलू तालुक्यातला हा फाटा, जिथून जालना, जिंतूर आणि सेलूकडे रस्ते फुटतात. समजा मे महिन्यात तुम्ही तिथे उभं राहून फोटो काढलाय. समोर डांबरी रस्ता, कडेला पत्र्याचं छप्पर असलेली चहाची टपरी, तिच्यासमोर उभा एक टेम्पो, पुढे रस्त्याच्या कडेने गेलेले लाईटचे खांब आणि दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं. पावसाचा पत्ता नाही. आपल्याला या फोटोत मृगाचा पाऊस पाडायचाय.

ॲप म्हणून मी स्नॅपसीड धरलंय. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि केलेला प्रत्येक बदल फोटोच्या हव्या त्या भागापुरता ठेवता येतो. बटणांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशीच खाली दिली आहेत. तुमच्या व्हर्जनमध्ये एखादं बटण दुसऱ्या जागी असू शकतं, नाव मात्र शोधलं की सापडेल.

फोटो कोणता घ्यायचा, इथेच अर्धा निकाल लागतो

दुपारी बारा वाजता काढलेला फोटो घेऊ नका. टेम्पोखाली कोळशासारखी काळी सावली, पत्र्यावर डोळे दिपवणारी चमक, माणसांच्या डोळ्यांखाली खड्डे. ही सगळी डोक्यावरच्या उन्हाची सही आहे आणि ती पुसता येत नाही. सावली उजळ करायला जाल तर तिथे राखाडी डाग दिसतो, शिवाय सावलीची कड तशीच राहते. भर उन्हात पाऊस पडतोय असं चित्र तयार होतं. ऊन-पाऊस आपल्याकडे पडतो हे खरं, पण तो श्रावणातला, आणि त्यात रस्ता ओला असतो.

पावसाळी ढग म्हणजे आभाळभर पसरलेला एक मोठा पांढरा पडदा. उजेड सगळीकडून सारखा येतो, म्हणून सावलीला कड उरत नाही. कोरड्या दिवसात असा उजेड दोन वेळा मिळतो: सूर्य उगवण्याच्या थोडं आधी आणि मावळल्यावर लगेच. परभणी भागात मेच्या शेवटी सूर्य साधारण सातच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं आपल्या कामाची. कधी दिवसाच ढगाळ वातावरण मिळालं तर अजून सोपं.

फोटोत काय काय आलंय तेही तपासा. ट्रकमागे उडणारा धुरळा, टपरीबाहेर वाळत टाकलेल्या मिरच्या, उघड्यावर रचलेली पोती, रस्त्याच्या मधोमध निवांत पेपर वाचणारे काका. यातलं एक जरी फोटोत असलं तरी सगळी मेहनत वाया. छपराखाली चहा पीत बसलेली माणसं मात्र चालतील, उलट शोभून दिसतील.

पहिलं काम: ऊन घालवा, पण अंधार करू नका

फोटो उघडा आणि `Tune Image` मध्ये जा. `Contrast` साधारण −२०, `Saturation` −१५, `Highlights` −३० आणि `Warmth` −१० पासून सुरुवात करा. हे आकडे म्हणजे नियम नव्हेत, फोटोप्रमाणे मागेपुढे करा. मावळतीचा पिवळेपणा जाऊन चित्र थोडं थंड आणि सपाट दिसायला लागलं की थांबा.

इथे बहुतेक जण एक गोष्ट करतात. पाऊस म्हणजे काळोख असं समजून सगळा फोटो काळा करतात, त्यातही आभाळ जास्तच काळं. खरं तर ढगाळ दिवशी फोटोतला सगळ्यात उजळ भाग आभाळच असतो, कारण सगळा उजेड तिथूनच येतोय. काळेकुट्ट ढग दिसतात ते पाऊस यायच्या आधी, क्षितिजावर. एकदा पाऊस डोक्यावर आला की आभाळाला आकार राहत नाही, सगळीकडे एकच राखाडी रंग. आपल्या फोटोत आभाळ निळं किंवा केशरी असेल, त्यामुळे त्यावर हा राखाडी रंग चढवावा लागेल.

त्यासाठी एक 'राखाडी पान' करून ठेवा. ढगाळ आभाळाचा सरळ वरचा फोटो काढला तरी चालतो, किंवा सावलीत धरलेल्या पांढऱ्या कागदाचा. त्यात रेघ, सुरकुती, पक्षी काहीच नको. हेच पान पुढे धुक्यालाही लागणार आहे.

आता `Double Exposure` उघडा, राखाडी पान जोडा, दोन बोटांनी ताणून ते पूर्ण फोटोवर बसवा आणि पद्धत `Default` ठेवा. पारदर्शकतेची पट्टी अशी लावा की खालचा फोटो जेमतेम दिसेल. मग ओके करा. सगळा फोटो राखाडी झाला म्हणून घाबरू नका. वर बदलांची यादी दाखवणारं चिन्ह असतं, त्यात `View edits` उघडा. शेवटच्या बदलावर बोट ठेवलं की ब्रशचं चिन्ह येतं. तो ब्रश घेऊन फक्त आभाळावर बोट फिरवा. जिथे बोट फिरेल तिथेच राखाडी पान राहील, बाकी फोटो पहिल्यासारखा. आज पुढे जे जे करणार आहोत ते याच युक्तीवर चालणार आहे. आधी बदल सगळ्या फोटोवर करायचा, मग ब्रशने हवा तिथेच ठेवायचा.

दुसरं काम: जमीन भिजवा

ओली झालेली वस्तू काळपट का दिसते, हे समजून घेतलं तर कुठे ब्रश मारायचा ते आपोआप कळतं. माती, डांबर, सिमेंट, कापड, विटा यांच्यात बारीक बारीक छिद्रं असतात. कोरडी असताना उजेड त्यांच्यावर आपटून बराचसा परत येतो. छिद्रांत पाणी भरलं की उजेड आत शिरतो, आतल्या आत फिरत राहतो आणि बराचसा तिथेच शोषला जातो. परत येणारा उजेड कमी, म्हणून वस्तू काळी. पत्रा, टेम्पोचा रंग, प्लास्टिकची खुर्ची यांना छिद्रं नाहीत. ती भिजल्यावर काळी पडत नाहीत, फक्त चमकतात. झाडाच्या पानांचंही तसंच. पावसाने त्यांच्यावरची धूळ जाते, त्यामुळे ती काळी होण्याऐवजी जास्त हिरवी दिसतात.

म्हणून `Brush` मध्ये `Exposure` मायनस करून आपण रस्ता, रस्त्याकडेची फुफाट्याची पट्टी, काळी रानं आणि टपरीच्या भिंतीचा खालचा भाग एवढंच गडद करणार. रानापेक्षा फुफाट्याच्या पट्टीवर जास्त हात फिरवा, कारण कोरडी पांढरट माती भिजल्यावर सगळ्यात जास्त बदलते. झाडांवर `Saturation` थोडं वाढवा. पत्र्याला हात लावू नका.

आता एक बारीक गोष्ट. टेम्पोखालची जमीन भिजेल का? तो बराच वेळ उभा असेल तर नाही. टपरीच्या छपराखालची जमीनही कोरडीच राहील, दाट लिंबाखालची थोडी उशिरा भिजेल. हे कोरडे तुकडे सोडून दिले तर फोटोला जी खात्री येते ती हजार रेघांनी येत नाही. फक्त त्यांची कड चाकूने कापल्यासारखी ठेवू नका, शिंतोडे थोडे आत येतातच.

मग डबकी. डबकं कुठेही काढायचं नसतं. डांबरी रस्ता मधे थोडा उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळे पाणी साचतं ते कडेला, डांबर संपून माती सुरू होते तिथे, किंवा खड्ड्यात आणि चाकोरीत. रस्त्याच्या बरोबर मधोमध गोल डबकं दिसलं आणि तिथे खड्डा नसला की समजा, कोणीतरी बोटाने काढलंय.

डबक्यात प्रतिबिंब लागतं, आणि ते आपल्याच फोटोतून मिळतं. `Rotate` मध्ये फोटो दोनदा फिरवा म्हणजे तो डोक्यावर उभा राहील. मग आडवं उलटवायचं बटण दाबा, म्हणजे डावं-उजवं परत जागेवर येईल. ही कॉपी वेगळी सेव्ह करा. त्या कॉपीत `Details` मधलं `Structure` पूर्ण मायनसला न्या, कारण ओल्या डांबरातलं प्रतिबिंब आरशासारखं स्वच्छ नसतं. आता मूळ फोटोवर `Double Exposure` मधून ही उलटी कॉपी जोडा. टेम्पोचं चाक जिथे जमिनीला टेकतं, बरोबर तिथूनच उलट्या टेम्पोचं चाक सुरू झालं पाहिजे. दोन बोटांनी सरकवून ते जुळवा. मग `View edits` मध्ये जाऊन ब्रशने फक्त डबक्यांवर आणि रस्त्याच्या ओल्या भागावर ठेवा. टेम्पोसाठी जुळवलेली कॉपी मागच्या खांबांना जुळणार नाही, कारण त्यांचे पाय वेगळ्या रेषेवर आहेत. खांबांचं प्रतिबिंब हवंच असेल तर हाच प्रकार त्यांच्यासाठी पुन्हा करावा लागेल. मी तर म्हणेन, सोडून द्या.

प्रतिबिंब किती गडद ठेवायचं? पायाजवळच्या पाण्यात सरळ खाली बघितलं तर ते फक्त २ टक्के उजेड परत पाठवतं. म्हणून तिथे आपल्याला तळाचा चिखल दिसतो. नजर जितकी तिरपी, तितकी चमक वाढते. फोन दीड मीटर उंचीवर धरला असेल तर साधारण साडेआठ मीटर पुढचं पाणी जवळपास ३५ टक्के उजेड परत पाठवतं, आणि त्यापुढे आणखी जास्त. त्यामुळे फोटोच्या खालच्या कडेला ब्रश २५ वर, मधे ५०, लांबच्या रस्त्यावर ७५. ॲपवाले नेमकं इथेच फसतात. पायाशी आरसा आणि लांब कोरडा रस्ता, असं उलटं चित्र तयार होतं.

धुकं: खांब मोजून करा

पावसातही लांबचं फिकट दिसतं, पण खरा पडदा धुक्याचा. परभणीचा हिवाळा मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा दिवसांत निम्न दुधनासारख्या पाण्याच्या आसपासच्या रानांवर सकाळी धुकं उतरलं तर लांबचं झाड शोधावं लागतं.

ॲपमधलं धुकं खोटं वाटतं, कारण ते सगळ्या फोटोवर सारख्याच जाडीचं असतं, काचेवर वाफ आल्यासारखं. खरं धुकं अंतरावर अवलंबून असतं. तुमच्या आणि वस्तूच्या मधे जितकी हवा जास्त, तितकं धुकं जास्त. त्याचं गणितही सोपं आहे: ठरावीक अंतराला अर्धं. इथे आपले लाईटचे खांब कामाला येतात. समजा खांब साधारण ५०-५० मीटरवर आहेत आणि पहिल्या खांबापर्यंत वस्तूचा अर्धा गडदपणा गेला. मग दुसऱ्या खांबाशी पाव उरेल, तिसऱ्याशी एक अष्टमांश आणि चौथ्याशी एक सोळांश, म्हणजे दिसला न दिसल्यासारखा. हे झालं साधारण २०० मीटरपर्यंत दिसणारं, म्हणजे चांगलंच दाट धुकं. हवामानशास्त्रात १००० मीटरच्या आत दिसेनासं झालं की त्याला धुकं म्हणतात, त्यामुळे विरळ धुकं हवं असेल तर अर्धं होण्याचं अंतर वाढवायचं. पहिल्याऐवजी चौथ्या खांबाशी अर्धं.

करायचं कसं? तेच राखाडी पान, तेच `Double Exposure`, तीच `Default` पद्धत आणि पट्टी जवळजवळ शेवटपर्यंत. मग `View edits` मधल्या ब्रशला २५, ५०, ७५ आणि १०० असे टप्पे असतात ते वापरा. टपरी आणि टेम्पोवर २५. पहिल्या खांबाच्या आसपास ५०. दुसऱ्या खांबापाशी ७५. तिसऱ्याच्या पुढे सगळीकडे १००, आभाळासकट. क्षितिजाची रेष दिसता कामा नये, रान आणि आभाळ एकमेकांत विरघळलं पाहिजे. फोटो मोठा करून, म्हणजे झूम करून ब्रश मारला की ब्रश आपोआप बारीक होतो, हे लक्षात ठेवा.

एक चूक हमखास होते. रस्त्यावर ब्रश मारताना आपण खांबाच्या पायथ्याशी ७५ मारतो आणि खांबाच्या टोकावर विसरतो. पायथा आणि टोक दोन्ही तुमच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून दोन्ही सारखेच फिके हवेत. उंच झाड असेल तर शेंड्यापर्यंत जा. आणि जवळच्या टपरीच्या पत्र्यामागे आभाळ असेल तर पत्रा गडद आणि त्यामागचं आभाळ पूर्ण धुकं, मधे स्पष्ट कड. या कडेवर पाच मिनिटं जास्त घालवा, धुक्यातल्या फोटोची सगळी मजा तिथे आहे.

आपल्या पावसाच्या फोटोसाठी हीच कृती हलक्या हाताने करा. पावसात पन्नास मीटरवरचा खांब फारसा फिकट होत नाही, लांबची झाडांची रांग होते. तिसऱ्या-चौथ्या खांबाच्या पुढे २५ आणि अगदी लांब ५० पुरे.

आता थेंब, आणि तेही थोडेच

रेघ किती लांब हवी हे अंदाजाने ठरवायचं नाही, फोटोलाच विचारायचं. गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवला की कॅमेऱ्याची माहिती येते. त्यात शटर स्पीड असतो, १/५०, १/१००० असा. म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्याचा डोळा सेकंदाचा किती भाग उघडा होता. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो. डोळा सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा असेल तर तेवढ्यात थेंब १३ सेंटिमीटर खाली येतो, आणि फोटोत तेवढी रेघ उमटते. शटर १/१००० असेल तर थेंब सहा-सात मिलिमीटरच सरकतो. मग रेघ नाहीच, फक्त ठिपका. लख्ख उजेडातले मोबाईलचे फोटो असेच वेगवान शटरने निघतात, म्हणून त्यात लांबलचक रेघा कितीही सुंदर काढल्या तरी डोळ्याला खटकतात.

आपला फोटो मावळतीनंतरचा, शटर १/५० धरू. १३ सेंटिमीटर म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीच्या अर्ध्याहून थोडं जास्त. टपरीत बसलेल्या माणसाचा चेहरा हीच मोजपट्टी. त्याच्या आसपासच्या रेघा त्याच्या चेहऱ्याच्या अर्ध्याएवढ्या. कॅमेऱ्याच्या अगदी जवळच्या मोठ्या दिसतील पण पुसट आणि जाड, लांबच्या इतक्या बारीक की दिसणारच नाहीत. त्यांचं काम लांबच्या फिकट पडद्याने आधीच केलंय.

रेघांची तयार चित्रं इंटरनेटवर मिळतात. पण त्यातल्या रेघा सगळ्या एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या आणि सारख्या अंतरावर असतात. घरी करा, जास्त चांगलं होतं. संध्याकाळी दिवे न लावलेल्या खोलीचं दार उघडं ठेवा, म्हणजे मागे काळोख मिळेल. मित्राला किंवा धाकट्या भावाला गच्चीवरून झाडांना पाणी घालायची झारी दारासमोर ओतायला सांगा. दुसऱ्या कोणाला मोबाईलची टॉर्च घेऊन बाजूला, थोडं मागे उभं करा. थेंबावर मागून-बाजूने उजेड पडला की तो चमकतो. सिनेमावालेही पावसाच्या मागे लाईट ठेवतात, समोरून ठेवला तर पाऊस दिसतच नाही. तुमच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर १/५० करा, फोकस दारावर बोट दाबून पक्का करा आणि पाच-दहा फोटो काढा. तेवढ्या उंचीवरून पडताना थेंबाचा वेग पावसाच्या थेंबाच्या बराच जवळ येतो, त्यामुळे रेघा योग्य लांबीच्या मिळतात. सगळ्यात चांगला फोटो निवडून त्याचा रंग काढून टाका आणि `Contrast` वाढवून मागचा भाग पूर्ण काळा करा.

तो आता मूळ फोटोवर `Double Exposure` मधून जोडा, पण पद्धत `Lighten`. यात काळा भाग गायब होतो आणि उजळ रेघा तेवढ्या राहतात. पट्टी अर्ध्याच्या खालीच ठेवा. मग ब्रशने गडद जागांवर रेघा ठेवा: टपरीच्या आतला काळोख, टेम्पोचा गडद रंग, लिंबाचं झाड, ओला रस्ता. आभाळावरून त्या पूर्ण पुसून टाका. उजळ आभाळासमोर पावसाचा थेंब जवळजवळ दिसत नाही, खिडकीतून बघून खात्री करून घ्या. छपराखाली बसलेल्या माणसांच्या अंगावरून रेघ गेली तर ती त्यांच्या आणि तुमच्या मधल्या पावसाची आहे, ती चालेल. छपराच्या आतल्या बाजूला मात्र कॅमेऱ्यापर्यंत मोकळी जागा नसेल तर नको.

रेघा किती तिरक्या? साडेसहा मीटर वेगाच्या थेंबाला १५ अंश कलायला साधारण ताशी सहा किलोमीटरचा वारा लागतो, म्हणजे पानं हलतील इतकाच. ४० अंश तिरका पाऊस दाखवायचा तर वारा जोराचा हवा, मग फोटोतलं लिंबाचं झाड शांत आणि टपरीवरचा फ्लेक्स सरळ लोंबकळतोय हे चालणार नाही. सरळ पाऊस सगळ्यात सुरक्षित.

बर्फाबद्दल पण विचारणारे असतातच. देवगाव फाट्यावर बर्फ पाडायचा असेल तर गंमत म्हणून पाडा, खरा वाटणार नाही. बर्फ वरून पडतो आणि वर तोंड असलेल्या प्रत्येक गोष्टीवर बसतो. पत्रा, टेम्पोचा टप, खांबावरच्या तारा, झाडाची प्रत्येक फांदी असं सगळं एकेक करून पांढरं करावं लागतं, आणि बाजू गडद ठेवाव्या लागतात. भुरभूर पडणारे कण मात्र सोपे. ते सेकंदाला मीटर-दीड मीटरच खाली येतात, म्हणून रेघा न होता ठिपकेच राहतात. आपल्याकडे जमीन पांढरी होते ती गारपिटीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात ती झाली तेव्हा उभ्या पिकाचं काय झालं ते घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. त्या आठवणीची नक्कल करण्यात मला तरी रस नाही.

हा फोटो स्टेटसला टाकण्याआधी

इतकं सगळं नीट केलं तर फोटो खरा वाटेल, आणि तिथेच खरी अडचण सुरू होते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गावोगाव लोक आभाळाकडे आणि मोबाईलकडे बघत असतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण "फाट्यावर धो धो पडला" असा फोटो चार ग्रुपवर फिरला की कोणीतरी बियाणं काढतोच. पाऊस आलाच नाही तर दुबार पेरणी. त्या बियाण्याचे आणि खताचे पैसे तुमच्या फोटोला लाईक करणारे देत नाहीत.

कॅप्शनमध्ये 'एडिटेड' लिहिणं पुरत नाही, कारण फॉरवर्ड करताना कॅप्शन काढून टाकता येतं. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली तारीख आणि कॅमेऱ्याची माहितीही निघून जाते, त्यामुळे पुढच्याला तपासायला काही उरत नाही. म्हणून `Text` वापरून फोटोवरच, आणि कोपऱ्यात नाही तर रस्त्याच्या ओल्या भागावर, 'एडिट केलेला फोटो' असं लिहा. कोपरा कापून टाकता येतो, रस्ता कापला तर फोटोच संपतो.

आणि असा फोटो तुमच्याकडे आला तर याच गोष्टी उलट्या क्रमाने तपासा. रेघा सोडून द्या. सावलीला कड आहे का, फुफाट्याची पट्टी काळी पडलीय का, टेम्पोखाली कोरडा तुकडा आहे का, आणि लांबचं पाणी जवळच्या पाण्यापेक्षा जास्त चमकतंय का. शेवटच्या दोन गोष्टी नकली पाऊस पाडणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाहीत.

पहिला खरा पाऊस पडला की त्याच जागी, त्याच उंचीवर फोन धरून फोटो काढा आणि तुमच्या एडिटशेजारी ठेवा. पहिला फरक तुम्हाला बहुतेक फुफाट्याच्या पट्टीतच सापडेल.